ज्याचा खर्च, त्याला मत नाही

शुक्रवारी दुपारी तीन वाजता भिंगबाईची नोकरी गेली आणि रविवारी सकाळी दहा वाजता घरात सभा भरली. मधल्या शनिवारी काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. शनिवारी सगळे तिच्याशी इतकं हळू बोलत होते, की घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजाऱ्यांना वाटावं. चहा आयता मिळाला, तोही दोनदा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आयता चहा हातात आला, तेव्हाच तिला समजायला हवं होतं की पुढे काहीतरी वाढून ठेवलंय.

भिंगबाई हे नाव तिला कारखान्यातल्या वेल्डरांनी दिलेलं. कारखाना मोठाल्या टाक्या बनवणारा. कुणी त्यात तेल साठवतं, कुणी गॅस, कुणी आणखी काही भयंकर. लोखंडाचे पत्रे जिथे वितळवून जोडतात तिथे कुठे केसाएवढी चीर, टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं का, हे बघायचं तिचं काम. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भिंग, गळ्यात मापाची पट्टी. जोड पसंत पडला नाही की खडूने गोल काढायचा. तो गोल दिसला की भलेभले वेल्डर कपाळाला हात लावत. नऊ वर्षं तिने गोल काढले. शुक्रवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, एक मोठी ऑर्डर रद्द झाल्याचं सांगितलं, तपासणीचं काम आता बाहेरच्या एजन्सीकडे जाणार असल्याचं सांगितलं, आणि तिच्या कामाचं इतकं कौतुक केलं की हे बढतीचं बोलणं आहे की काय असं तिला क्षणभर वाटलं. पाच वाजता ती पुठ्ठ्याचं खोकं घेऊन फाटकाबाहेर होती.

सभा बोलावली सासऱ्यांनी. सासरे बस डेपोत कंट्रोलर होते आणि निवृत्तीनंतर सलग अकरा वर्षं आपल्या इमारतीच्या संस्थेचे अध्यक्ष. संस्थेने त्यांना मोठ्या युक्तीने पायउतार केलं, पण अध्यक्षपण काही अंगातून गेलं नाही. घरात सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. तोंडावर मात्र बाबा. जेवणाच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला ते बसले. समोर जाड वही, दोन रंगांची पेनं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: विशेष सर्वसाधारण सभा, उपस्थिती चार, गणसंख्या पूर्ण.

"नियम ऐका," ते म्हणाले. "एक, प्रत्येक खर्चावर मतदान. दोन, ज्याचा खर्च, त्याला मत नाही. माणूस स्वतःच्या खर्चाच्या बाजूनेच बोलणार, त्याला काय किंमत द्यायची. तीन, एकदा ठराव झाला की तीन महिने तो विषय परत काढायचा नाही."

"वा, लोकशाही," नवरा म्हणाला. नवरा फरशांच्या शोरूममध्ये मॅनेजर. दिवसभर लोकांना महागडी फरशी स्वस्त कशी पडते हे समजावून द्यायचं त्याचं काम. लॅपटॉप त्याच्यापुढे, तक्त्याच्या चौकोनांमध्ये आकडे भरायला तो सरसावून बसला होता. टेबलाच्या चौथ्या बाजूला मुलगी, नववीतली, घरातलं नाव पिल्लू. पिल्लूचं लक्ष फोनमध्ये होतं, पण कान टेबलावर होते.

आधी मिळकत. अध्यक्षांचं पेन्शन चौदा हजार. नवऱ्याचा पगार अडतीस हजार. वरचं कमिशन कधी येतं कधी येत नाही, म्हणून ते धरलं नाही. भिंगबाईचा पगार बासष्ट हजार, तो चौकोन नवऱ्याने रिकामा केला. बटण दाबताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. घरात येणारे एक लाख चौदा हजार एका बोटाने बावन्न हजार झाले.

मग शिल्लक. नोटिशीचा एक महिन्याचा पगार बासष्ट. न घेतलेल्या रजांचे एक्केचाळीस. ग्रॅच्युइटी म्हणजे नऊ वर्षांच्या, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या मूळ पगाराच्या हिशेबाने, एक लाख एकसष्ट. बँकेतली मुदतठेव ऐंशी. एकूण तीन लाख चव्वेचाळीस हजार.

"म्हणजे तसं बरंच आहे की," नवरा म्हणाला.

या तीन लाख चव्वेचाळीसपैकी ऐंशी सोडले तर बाकी सगळे तिच्या नोकरीच्या अंत्यसंस्काराचे होते. पण तिचे म्हणून कुणी म्हटलं नाही, शिल्लक म्हणून म्हटलं.

आता खर्च. नवऱ्याने एकेक वाचायला सुरुवात केली. घराचा हप्ता एकतीस, गाडीचा हप्ता अकरा, पेट्रोल पाच. शाळेची फी नऊ, शाळेची बस तीन. किराणा, दूध, भाजी सतरा. वीज, गॅस, पाणी, फोन, इंटरनेट मिळून सात. इमारतीचा देखभाल खर्च चार. झाडलोट आणि भांड्यांच्या बाई पाच. बाबांची औषधं चार. नवऱ्याची जिम दोन. पिल्लूचा नाचाचा क्लास तीन. बाबांचा बुद्धिबळ क्लब दीड. सिनेमे आणि मालिका बघायच्या वेगवेगळ्या वर्गण्या मिळून दीड. बाहेरचं खाणं पाच. कपडे, भेटी, किरकोळ चार. बेरीज एक लाख तेरा हजार.

"म्हणजे एक लाख चौदा येत होते आणि एक लाख तेरा जात होते," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही दोघं कमावणारे आणि मी पेन्शनर, आणि महिन्याला बचत एक हजार. शाब्बास."

"अजून चार धरा," भिंगबाई म्हणाली. "दवाखान्याचा विमा कंपनीचा होता. चौघांचा. नोकरी गेली त्या दिवशी तो संपला. आता आपला आपण घ्यावा लागेल. बाबांच्या वयामुळे महिन्याला चारच्या खाली कुणी देणार नाही."

अध्यक्षांनी नकळत छातीवर हात ठेवला. नवऱ्याने चार लिहिले. एक लाख सतरा.

"बावन्न येणार, एकशे सतरा जाणार. महिन्याला पासष्टचं भगदाड," नवरा म्हणाला. "चला, कात्री काढा."

कात्री निघाली, आणि कात्रीला घरात नेमकं कुठे कापायचं ते आधीपासून ठाऊक असावं अशी ती सरसर चालली. झाडलोटीच्या बाईंचा विषय पहिला. हा घराचा खर्च, म्हणून सगळ्यांना मत. "आता घरात एक माणूस मोकळं आहे," नवरा सौम्यपणे म्हणाला. माणूस म्हणजे कोण ते त्याने सांगितलं नाही. तीन विरुद्ध एक. पाच हजार वाचले. चार वर्षं घरी येणाऱ्या बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून कुणी सांगायचं, यावर मात्र ठराव झाला नाही. ते सूनबाई सांगतील असं अध्यक्षांनी वहीत लिहूनच टाकलं. भिंगबाईच्या मनात आलं, मला निदान केबिनमध्ये बोलावलं होतं, खुर्ची दिली होती.

शाळेची बस. "आई सोडेल ना मला," पिल्लू म्हणाली. "मस्त. मी वीस मिनिटं जास्त झोपेन." तीन विरुद्ध एक. तीन हजार वाचले. बाहेरचं खाणं पाचाचं एक, "घरी करायला आता वेळ आहेच." किराणा सतराचा पंधरा, "जरा हिंडून घेतलं तर बाजारात स्वस्त मिळतं," आणि हिंडणार कोण ते सांगायची गरज नव्हती. कपडे आणि किरकोळ चाराचं एक. पेट्रोल पाचाचं तीन. वीज वगैरे साताचं सहा. वर्गण्यांपैकी एकच ठेवायची, दीडाचा अर्धा. घर हळूहळू सावरत होतं आणि तिचा दिवस हळूहळू भरत होता. पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ असा तो तिने मनातल्या मनात मांडून पाहिला. कारखान्यातली पाळी आठ तासांची होती आणि मध्ये जेवणाची सुट्टी होती.

मग आल्या एकेकाच्या खास गोष्टी. जिम. नवऱ्याला मत नाही. नवरा जिमला महिन्यातून तीनदा जाई, त्यातल्या दोन वेळा पार्किंग मिळालं नाही म्हणून परत येई. "टेन्शनच्या दिवसांत तब्येत सांभाळायला हवी," अध्यक्ष म्हणाले. पिल्लूने हात वर केला. दोन विरुद्ध एक, जिम राहिली. बुद्धिबळ क्लब. अध्यक्षांना मत नाही. "या वयात माणसात राहायला हवं," नवरा म्हणाला. पिल्लूने हात वर केला. क्लब राहिला. नाचाचा क्लास. "मुलांवर या सगळ्याचा परिणाम होऊ द्यायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. नवऱ्याने हात वर केला. क्लास राहिला.

भिंगबाईचे हात तिन्ही वेळा टेबलावर होते. हे सगळं इतकं गुळगुळीत चाललं होतं, की सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा स्वयंपाकघरात ही तिघं काय कुजबुजत होती ते तिला आता लख्ख कळलं. कारखान्यातही जो जोड फारच गुळगुळीत दिसे, त्यावर ती दुसऱ्यांदा टॉर्च मारायची. तिने विचारलं, "गाडीचं काय? हप्ता अकरा, पेट्रोल तीन. विकली तर चौदा वाचतात."

"गाडी ही चैन नाही, गरज आहे," नवरा म्हणाला.

"बँकेत जाऊन घराच्या हप्त्याची मुदत वाढवून मागता येईल. एकतीसचा सत्तावीस तरी होईल. व्याज पुढे जास्त जाईल, पण आता श्वास मिळेल."

"मुदत वाढवायची तर पगाराच्या पावत्या मागतील. आपण होऊन कशाला सांगायचं?"

"ती बँक आहे, तुमची मावशी नाही. पगार जमा व्हायचा थांबला की तिला कळणारच आहे."

अध्यक्षांनी पेन टेबलावर वाजवलं. "विषयपत्रिकेबाहेरचं बोलू नका, सूनबाई."

बेरीज झाली. एकवीस हजार वाचले. खर्च शहाण्णव, भगदाड चव्वेचाळीस. नवऱ्याने शिल्लक भागिले चव्वेचाळीस केलं आणि छाती फुगवली. "सात महिने चोवीस दिवस. आपण सात महिने चोवीस दिवस आरामात काढतो."

"वर्षातून एकदा येणारे खर्च कुठे आहेत?" भिंगबाईने विचारलं. "गाडीचा विमा चौदा. घरपट्टी नऊ. शाळेची वार्षिक फी आणि पुस्तकं एकवीस. ते महिन्याच्या यादीत दिसत नाहीत म्हणून येत नाहीत असं नाही."

नवऱ्याने तोंड वाकडं करून शिलकीतून चव्वेचाळीस वजा केले. तीन लाख राहिले. सहा महिने चोवीस दिवस. एका वाक्यात तिने घराचा एक महिना खाल्ला, म्हणून तिघांनीही तिच्याकडे असं पाहिलं की जणू पुस्तकं तीच छापते.

"आता तू खाली लिहून दिलेलं शेवटचं," नवरा म्हणाला. "हे काय आहे? निरीक्षक दाखला नूतनीकरण, एकतीस हजार?"

याच एका ओळीसाठी ती सकाळपासून या टेबलाशी बसून होती. "माझा वेल्डिंग निरीक्षकाचा दाखला. पाच वर्षांचा असतो. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला संपतो. त्याआधी उजळणीचा कोर्स करायचा, बारा हजार. फी अठरा. डोळ्यांची तपासणी एक. आजवर कंपनी भरायची. कोर्सची नावनोंदणी परवा मंगळवारी बंद होते."

"आणि नाही केलं तर?"

"दाखला रद्द. मग पहिल्यापासून लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. ती वर्षातून एकदा होते आणि यंदाची झाली. पुढची आठ महिन्यांनी."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "सूनबाई, राग मानू नका. नोकरी होती तेव्हा दाखला ठीक होता. आता नोकरीच नाही तर दाखल्याचं लोणचं घालायचं का? एकतीस हजार म्हणजे किती होतात रे?"

"एकवीस दिवस," नवऱ्याने हिशेब केला. "घराचे एकवीस दिवस. अगं, नंतर करू. कुठे पळून जातंय?"

"पळूनच जातंय. अठ्ठावीस तारखेला."

"मत घ्या," अध्यक्ष म्हणाले. "तूर्त स्थगित करावं असा माझा प्रस्ताव."

"अनुमोदन," नवरा म्हणाला.

पिल्लूने आईकडे पाहिलं, मग फोनकडे. "मी तटस्थ," ती म्हणाली. आजोबांकडून हा शब्द तिने सकाळीच शिकला होता.

दोन विरुद्ध शून्य. भिंगबाईला मत नव्हतं, कारण खर्च तिचा होता. अध्यक्षांनी लाल पेनाने ठराव क्रमांक सतरा लिहिला आणि खाली रेघ मारली. तीन महिने विषय बंद. तिला वाटलं, आता उठावं, आत जावं, दार लावून घ्यावं आणि शनिवारी जे रडायचं राहिलं ते रडून घ्यावं. शुक्रवारपासून या घरात तिला कुणी विचारलं नव्हतं, की तुला काय वाटतंय. किती मिळणार, कधी मिळणार, हेच विचारलं होतं. साहेबांनी तिला काढलं तेव्हा ती रडली नव्हती. जिमपुढे आपण हरलो हे मात्र फार लागलं.

पण ती उठली नाही, कारण नवरा लॅपटॉपवर अजून काहीतरी भरत होता.

"तो पुढचा चौकोन कसला?" तिने विचारलं.

"हा? सातवा महिना. शिल्लक सहा महिने चोवीस दिवस पुरते ना, म्हणून सातव्या महिन्यापासून तुझा पगार धरला."

"किती धरलाय?"

"अडुसष्ट." तो जरा ओशाळून हसला. "बासष्ट होता, अनुभव वाढला, दहा टक्के तरी वाढवून मागशीलच की. बघ ना, सातव्या महिन्यापासून सगळं हिरवं झालं."

खरंच झालं होतं. सहाव्या महिन्यापर्यंत आकडे उतरत उतरत यायचे, आणि तिथून एकदम टुणकन वर. जिम, क्लब, क्लास, गाडी, सगळी मंडळी त्या हिरव्या चौकोनात पाय पसरून बसली होती. भिंगबाईने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. जोड तपासताना ती जशी पुढे वाकायची, तशीच वाकली.

"अडुसष्ट हजार कसल्या कामाचे?" तिने विचारलं.

"कसल्या म्हणजे? निरीक्षकाच्या."

"दाखला नसलेल्या निरीक्षकाच्या?"

नवऱ्याने तक्त्यातली ती ओळ परत वाचली.

"दाखला नसेल तर मला कुठल्याही कारखान्यात जोडावर सही करता येत नाही," ती म्हणाली. "मग मी तिथे हेल्मेट घालून उभी राहणार, स्टोअरमधल्या वस्तू मोजणार. त्याचे सोळा हजार देतात, तेही चांगला मालक असेल तर. खरा आकडा घालते." तिने अडुसष्ट पुसले आणि सोळा लिहिले.

हिरवे चौकोन एकेक करून लाल झाले. आठवा लाल, नववा लाल, तिथून शेवटपर्यंत लालच लाल. अध्यक्षांनी चष्मा नाकावर आणला. पिल्लूने फोन उपडा ठेवला.

"हे लाल म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे घराचा हप्ता भरायला पैसे नाहीत," नवरा म्हणाला. त्याचा शोरूममधला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "म्हणजे बाबा, आठव्या महिन्यात... गाडी तर जाईलच. क्लब, क्लास, सगळंच."

"विमा?"

"विमाही."

अध्यक्षांचा हात परत छातीवर गेला. तिघंही त्या लाल रांगेकडे बघत राहिली. सगळी बचत, सगळे ठराव, सकाळच्या दोन तासांचं सगळं शहाणपण तिच्या त्या एका चौकोनावर उभं होतं, आणि त्याच चौकोनाखालची जमीन त्यांनी दोन विरुद्ध शून्य मतांनी काढून घेतली होती.

आणि मग अध्यक्षांना एकदम एक तरतूद आठवली. "नियम तीनला अपवाद असतो," ते म्हणाले, वहीची पानं चाळत, जणू तो तिथे कुठे लिहिलेला सापडणार होता. "प्रस्ताव मांडणाऱ्याने स्वतःच मागे घेतला, तर फेरविचार करता येतो. संस्थेत आपण पाण्याच्या टाकीच्या वेळी तसं केलं होतं. मी प्रस्ताव मागे घेतो. नवीन ठराव असा: सदर खर्च ही घराच्या हिताची गुंतवणूक समजून मंजूर करण्यात यावा."

"अनुमोदन," नवरा घाईने म्हणाला. "पण परत कसे येणार ते पण लिहा ना बाबा. म्हणजे तिच्या पहिल्या पगारातून एकतीस परत शिलकीत. हप्त्याने चालेल. व्याज अर्थात नाही घ्यायचं."

"बिनव्याजी," अध्यक्षांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. आपण फार उदारपणे वागत आहोत असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

भिंगबाई त्यांचं पेन सरकताना बघत होती. तिच्या रजांचे पैसे, तिच्या नोटिशीचा पगार, तिची नऊ वर्षं. त्यातून तिलाच एकतीस हजारांचं कर्ज, बिनव्याजी, बहुमताने. तिला भयंकर राग आला, आणि रागाबरोबर खूप बरंही वाटलं, कारण दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला नक्की काय वाटतंय ते तिला कळलं होतं. तिने स्वतःचा फोन उचलला. नोटिशीचा पगार कालच तिच्या खात्यात आला होता. कोर्सचं पान गेले दोन दिवस उघडंच होतं. भरायचं तेवढं धाडस राहिलं होतं. बारा हजार गेले. मग अठरा हजार गेले. दोन्ही वेळा फोन हलकेच टुंग वाजला.

"लिहू नका, बाबा," ती म्हणाली. "फी भरली."

"भरली म्हणजे? अजून मतदान व्हायचंय."

"माझ्या दाखल्यावर मतदान होणार नाही. आज नाही, तीन महिन्यांनी नाही आणि पाच वर्षांनीही नाही."

"अगं, पण हो म्हणतच होतो ना आम्ही," नवरा म्हणाला.

"लाल दिसल्यावर म्हणालात. मी सांगितलं तेव्हा नाही म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "मला हे कर्जाऊ नको होतं. तुम्हाला परवडतं म्हणूनही नको होतं. माझी नोकरी गेलीय. दोन दिवसांत मला कुणी एकदा विचारलं नाही, की तू कशी आहेस. मी बरी नाहीये. मला भीती वाटतेय. आणि मला माझं काम आवडतं, ते मला परत हवंय. एवढंच."

पिल्लू उठली आणि उगाचच आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

अध्यक्ष मात्र अध्यक्षच होते. "सभेच्या मंजुरीशिवाय खर्च झाला," ते म्हणाले, पण आवाजात आता दम नव्हता. "तशी नोंद करावी लागेल. आणि ज्याने केला त्याची सही लागेल."

"करा नोंद," ती म्हणाली. "आणि बाईंना उद्या यायचं नाही म्हणून सांगायचं काम माझ्या नावावर लिहिलंय, ते खोडा. दहा दिवसांनी माझा कोर्स सुरू होतोय, आठवडाभर सकाळी आठ ते पाच. घर झाडायला मी नसेन. जिमचे दोन, क्लबचा दीड आणि दीड हजार किराण्यातले, त्यात बाईंचे पाच निघतात. पटत नसेल तर झाडू मागच्या बाल्कनीत आहे."

अध्यक्षांनी लिहिलं. दोनदा चष्मा पुसला, मग लिहिलं. नवऱ्याने जिमपुढचे दोन खोडले. तिने सांगितल्यावर त्याने गाडीच्या हप्त्यापुढे प्रश्नचिन्हही टाकलं. मग वही तिच्यापुढे सरकली.

तिने सही केली. आणि सहीच्या शेजारी सवयीने, कारखान्यातल्या प्रत्येक तपासणी अहवालावर करायची तसंच, दाखल्यावरचा सात आकड्यांचा क्रमांक लिहिला. त्याशिवाय निरीक्षकाच्या सहीला किंमत नसते. तो क्रमांक अहवालाखाली असला तरच टाकीत गॅस भरतात.

नवऱ्याने वही स्वतःकडे ओढून पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. "हा कसला नंबर?" त्याने विचारलं.

"माझा," ती म्हणाली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला उठली. रविवार होता, दवाखाना बंद असणार हे तिला माहीत होतं, पण डॉक्टरांच्या मोबाइलवर उद्या सकाळची पहिली वेळ मिळेल का एवढं विचारून ठेवायचं होतं.